सवलतीचा संदेश आणि ग्राहकाचा ‘नको’

दसरा जवळ आला की सातारा आणि सांगली या दोन्ही शहरांतल्या बाजारपेठा दोन ठिकाणी भरतात. एक खणआळी, मोती चौक, कापड पेठ, मारुती चौक या नेहमीच्या जागी आणि दुसरी प्रत्येकाच्या हातातल्या मोबाइलवर. पहिल्या बाजारपेठेत दुकानदार कसा बोलतो, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेले आहे. गिऱ्हाईक पायरी चढले की ‘या, बसा’ होते, पाणी पुढे केले जाते, मग साड्यांचे गठ्ठे उलगडतात. दुसऱ्या बाजारपेठेत मात्र हाच दुकानदार ‘धमाका’, ‘लूट’, ‘नंतर बोलू नका’ अशा भाषेत ओरडू लागतो. समोरासमोर जो माणूस ग्राहकाला ‘अहो वहिनी’ म्हणतो, तोच संदेशात फेरीवाल्याच्या आवेशात का जातो, हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा असता तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु गेल्या काही वर्षांत या संदेशाभोवती कायद्याची चौकट उभी राहिली आहे आणि तिची कल्पना पेठेतल्या फार थोड्या व्यापाऱ्यांना असावी, असे या संदेशांकडे पाहून वाटते.

नमुन्यादाखल असा एक संदेश घेऊ. दुकान कल्पित आहे, सांगलीच्या कापड पेठेतले, साड्यांचे. भाषा मात्र वाचकांच्या परिचयाची असेल.

‘धमाका धमाका धमाका!! दिवाळी ऑफर!! सगळ्या साड्यांवर ५०% पर्यंत सूट + ५००० च्या खरेदीवर पैठणी फ्री. स्टॉक संपायच्या आत या ताई. नंतर बोलू नका सांगितलं नाही म्हणून. ऑफर पाडव्यापर्यंत. जास्तीत जास्त ग्रुपवर टाका.’

हा संदेश जतला एखाद्या घरी पोहोचतो. जत ते सांगली हे अंतर काही दोन-चार किलोमीटरचे नाही, एस.टी.चे जाण्यायेण्याचे भाडे, दिवसाचा खाडा आणि लहान मूल असेल तर त्याची सोय, एवढे सारे करून ती बाई दुकानात येते. तिथे तिला कळते की, निम्म्या किमतीत मिळणाऱ्या साड्या कोपऱ्यातल्या एका मांडणीवर आहेत, तिला हवा असलेला शालू सवलतीत नाही आणि फुकटची पैठणी कालच संपली. ती दुकानदाराशी भांडत नाही. चारचौघांत ‘तुम्ही तर लिहिले होते’ असे म्हणायला संकोच वाटतो. ती दहा टक्के सवलतीची एक साडी घेते आणि परत जाते. दुकानदाराच्या हिशेबात ही विक्री म्हणून नोंदली जाते, त्यामुळे संदेशात काही चुकले आहे हे त्याला कधीच कळत नाही.

या संदेशाचे पुनर्लेखन करायचे म्हटले की बहुतेक जण पहिल्यांदा भाषेला हात घालतात. ‘धमाका’ काढून ‘सुवर्णसंधी’ घालतात, ‘या ताई’च्या जागी ‘आपली कृपादृष्टी असावी’ लिहितात. याने काही साधत नाही. ज्या संदेशात अटी लपलेल्या आहेत तो ‘आपण’ म्हणून लिहिला तरी ग्राहकाचा अवमानच करतो. लेखणी हातात घेण्यापूर्वी दुकानदारासमोर बसून काही प्रश्न विचारावे लागतात आणि खरे काम तिथेच होते.

पहिला प्रश्न ‘सगळ्या’ आणि ‘पर्यंत’ या दोन शब्दांचा. सगळ्या साड्यांवर पन्नास टक्क्यांपर्यंत सूट म्हणजे काय? विचारल्यावर दुकानदार सांगतो की, उन्हाळ्यात आणलेल्या सुती आणि सिंथेटिक अशा साठेक साड्या उरल्या आहेत, त्या निम्म्यात काढायच्या आहेत. बाकीच्यांवर दहा टक्के. शालू आणि लग्नाच्या रेशमी साड्यांवर काहीच नाही, कारण त्यात नफाच मुळात कमी. म्हणजे एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत आमिषाच्या जाहिरातीचे वेगळे कलम आहे. जाहीर केलेल्या किमतीला माल देता येईल अशी वाजवी शक्यता नसताना ग्राहकाला त्या किमतीने खेचून आणू नये, पुरेसा साठा असावा आणि तो मर्यादित असेल तर तसे स्पष्ट सांगावे, असा त्याचा मथितार्थ. खुलासाही ज्या भाषेत दावा केला त्याच भाषेत आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत असावा, असेही या सूचना सांगतात. मराठीत सूट जाहीर करून शेवटी बारीक इंग्रजीत ‘अटी लागू’ लिहिण्याची जी रीत पडली आहे, ती या सूचनेत बसत नाही.

दुसरा प्रश्न पैठणीचा. फुकट द्यायची साडी यंत्रमागावर विणलेली, कृत्रिम रेशमाची, पैठणीसारखे काठ असलेली आहे. पैठणीला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी आहे आणि हातमागावरच्या खऱ्या पैठणीची किंमत काय असते हे सांगलीच्या बायकांना दुकानदाराने सांगायला नको. तेव्हा ‘पैठणी काठाची यंत्रमागावरील साडी’ असे सरळ लिहावे. लिहिल्याने गर्दी कमी होईल ही भीती असते. परंतु जी गर्दी साडी हातात घेतल्यावर निराश होणार आहे ती न आलेलीच बरी.

इथेच आणखी एक अडचण निघते. पाच हजारांची खरेदी म्हणजे सूट देण्यापूर्वीची की नंतरची? छापील किमतीने ५,४०० रुपयांच्या साड्या घेतल्या आणि त्यांवर दहा टक्के सूट मिळाली, तर बिल ४,८६० रुपयांचे होते. ग्राहक म्हणणार, माझी खरेदी पाच हजारांच्या वर आहे. दुकानदार म्हणणार, बिल पाहा. दोघांचेही संदेशाच्या भाषेनुसार बरोबर आहे आणि गल्ल्यापाशी होणारे बहुतेक वाद याच एका संदिग्धतेतून जन्मतात. शिवाय भेटीची साडी घेऊन गेल्यावर दोन दिवसांनी ग्राहकाने एक साडी परत आणली आणि बिल पाच हजारांखाली आले, तर भेटीचे काय? आमच्या मते इथे दुकानदाराने स्वतःकडे थोडा तोटा घ्यावा. तेवढ्याच किमतीची दुसरी साडी बदलून द्यावी, पैसे परत करण्याचा प्रश्नच येऊ देऊ नये. पण जे ठरेल ते आधी लिहिलेले असावे. साडी सदोष निघाली तर मात्र बदलून देण्याची ही मुदत चालत नाही. बिलावर मुदत नसेल तर तीस दिवसांत सदोष माल परत घेण्यास आणि पैसे देण्यास नकार देणे, ही २०१९च्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

तिसरा प्रश्न तारखेचा, आणि तो वाटतो तितका साधा नाही. ‘पाडव्यापर्यंत’ म्हणजे दिवाळीच्या पाडव्यापर्यंत, हे दिवाळीत सांगावे लागत नाही हे खरे. पण पाडव्याच्या दिवशी सवलत आहे की आदल्या रात्री संपली? ‘दिवाळीपर्यंत’ असे लिहिले तर गोंधळ आणखी वाढतो. कोणाची दिवाळी लक्ष्मीपूजनाला संपते, कोणाची भाऊबीजेला, आणि माहेरवाशिणीची खरेदी तर भाऊबीजेनंतरच सुरू होते. २०२५ साली लक्ष्मीपूजन २० ऑक्टोबरला की २१ ला, यावर देशभर दोन मते होती. महाराष्ट्रातल्या पंचांगांनी २१ तारीख दिली. अशा वर्षी सणाच्या नावावर मुदत टांगून ठेवणे धोक्याचे. वार आणि इंग्रजी तारीख दोन्ही लिहिली की वाद उरत नाही.

शेवटचा प्रश्न पेठेतल्या जुन्या व्यवहाराचा आहे. उधारीच्या खात्यावर खरेदी करणाऱ्याला सूट आहे का? दर महिन्याला साडीची भिशी भरणाऱ्या बाईला भिशीची साडी सवलतीत घेता येईल का? दुकानदाराच्या मनात याचे उत्तर ‘नाही’ असे पक्के असते, पण ते संदेशात कधी येत नाही, कारण ‘तेवढे त्यांना कळतेच’. कळत नाही.

एवढी उत्तरे कागदावर आली की संदेश जवळजवळ स्वतःच लिहिला जातो. गेल्या, म्हणजे २०२५च्या, दिवाळीच्या तारखा धरून तो असा होईल :

‘सप्रेम नमस्कार. (दुकानाचे नाव), कापड पेठ, सांगली.

दिवाळीनिमित्त शुक्रवार, १७ ऑक्टोबर ते गुरुवार, २३ ऑक्टोबर २०२५ (दोन्ही दिवस धरून), सकाळी १० ते रात्री ९ या वेळेत पुढील सवलत ठेवली आहे.

लाल चिठ्ठी लावलेल्या सुती व सिंथेटिक साड्यांवर छापील किमतीच्या ५० टक्के सूट. अशा सुमारे ६० साड्या आहेत. इतर साड्यांवर १० टक्के सूट. शालू व लग्नाच्या रेशमी साड्यांवर सूट नाही.

सूट वजा जाता एका बिलाची रक्कम ५,००० रुपये किंवा अधिक झाल्यास पैठणी काठाची, यंत्रमागावरील एक साडी भेट. अशा ३० साड्या आहेत. त्या संपल्यास त्याच दिवशी कळवू.

सवलत रोख, कार्ड व यूपीआय या तिन्हींना आहे. उधारी व भिशीच्या खरेदीला नाही. न वापरलेली साडी बिलासह ३० ऑक्टोबरपर्यंत तेवढ्याच किमतीच्या मालात बदलून मिळेल. सदोष साडीसाठी ही मुदत नाही.

येण्यापूर्वी काही विचारायचे असल्यास याच क्रमांकावर कळवावे.

आपण बिलाच्या वेळी संमती दिल्यामुळे हा संदेश पाठवला आहे. असे संदेश नको असल्यास ‘थांबवा’ एवढेच लिहून पाठवावे. त्यानंतर जाहिरातीचे संदेश येणार नाहीत. आपल्या बिलाचे व फॉल-पिकोचे निरोप मात्र मिळत राहतील.’

यात ‘ताई’ नाही, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. समोर बसलेल्या बाईला ताई म्हणणे गोडच असते. पण यादीतला क्रमांक कुणाचा असतो? घरात एकच मोबाइल असेल तर तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाचा असतो. कधी ज्यांच्या नावाने क्रमांक नोंदला ते गृहस्थ वर्षभरापूर्वी वारलेले असतात. शंभर जणांना एकदम जाणाऱ्या मजकुरात नात्याचा शब्द नेम चुकण्याची शक्यता फार. ‘आपण’ कुणालाच चुकत नाही. तसेच, ज्या घरात त्या वर्षी दुःख झाले आहे तिथे सण साजरा होत नाही, हे आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. म्हणून ‘आपल्या घरी आनंदाची उधळण होवो’ असली वाक्ये व्यापारी संदेशात नसलेली चांगली. मालाची आणि तारखेची माहिती अशा घरातही कुणाला बोचत नाही. आणि ‘नंतर बोलू नका’ हे वाक्य तर दुकानदार समोरासमोर कधीही उच्चारणार नाही. ते न लिहिण्यासाठी कुठल्या कायद्याची गरज नाही.

आता वाचक म्हणतील, एवढा लांब संदेश वाचणार कोण? आक्षेप रास्त आहे. व्हॉट्सअॅपवर तो चालून जातो, कारण तिथे अक्षरांचे पैसे पडत नाहीत. साध्या लघुसंदेशात मात्र पडतात, आणि मराठीला दुपटीहून जास्त पडतात. इंग्रजी लघुसंदेशाच्या एका भागात १६० चिन्हे मावतात, देवनागरीच्या एका भागात ७०. संदेश लांबून जोडला गेला तर प्रत्येक भागात ६७च. त्यात काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त हे प्रत्येकी वेगळे चिन्ह म्हणून मोजले जाते. ‘दिवाळीनिमित्त’ हा शब्द वाचणाऱ्याला सहा अक्षरांचा दिसतो, यंत्र त्याची तेरा चिन्हे मोजते. असे पाच शब्द लिहिले की पहिला भाग संपला. संदेशातल्या अटी गळून पडण्याचे एक मोठे कारण हे आहे. दुकानदार लबाड असतोच असे नाही. तो भाग वाचवत असतो, आणि वाचवताना ‘धमाका’ ठेवून ‘शालूवर नाही’ कापतो.

कापायचेच तर उलटे कापावे. नमस्कार, भेटीची साडी, वेळ, बदलून देण्याची अट हे दुकानातल्या फलकावर आणि फोनवर सांगता येते. कुठला माल, किती सूट, कशावर नाही, कोणत्या तारखा आणि थांबवण्याची सोय एवढे मात्र राहिलेच पाहिजे. उदाहरणार्थ : ‘दिवाळी १७-२३ ऑक्टो: लाल चिठ्ठीच्या ६० साड्या ५०% सूट, इतर १०%, शालूवर नाही. (दुकान), कापड पेठ. नको असल्यास (क्रमांक)’. दुकानाचे नाव आणि क्रमांक प्रत्येकी दहा चिन्हांचे धरले तर हा मजकूर सुमारे १२० चिन्हांचा होतो आणि दोन भागांत बसतो. भेटीचा उल्लेखच न केल्याने तिची अर्धवट जाहिरातही होत नाही.

परंतु लघुसंदेश पाठवण्यापूर्वी तो कुठून पाठवायचा हे पाहिले पाहिजे. आपल्या नेहमीच्या दहा आकडी क्रमांकावरून शेकडो लोकांना जाहिरातीचे लघुसंदेश पाठवणे नियमबाह्य आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘ट्राय’च्या, २०१८च्या विनियमांनुसार व्यापाऱ्याने मोबाइल कंपनीच्या डीएलटी व्यवस्थेवर आपली संस्था, संदेशाचे शीर्षक आणि मजकुराचा साचा नोंदवावा लागतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये या विनियमांत दुरुस्ती झाली. जाहिरातीच्या संदेशाच्या शीर्षकापुढे आता -P हे अक्षर असते, आणि अशा प्रत्येक संदेशात तो बंद करण्याची सोय देणे बंधनकारक झाले. एकदा ग्राहकाने बंद केले की पुढचे ९० दिवस त्याच्याकडे पुन्हा संमती मागता येत नाही. नोंदणी न केलेल्या क्रमांकाविरुद्ध ग्राहक सात दिवसांच्या आत १९०९ वर तक्रार करू शकतो, आणि त्यासाठी त्याने आधी आपली पसंती नोंदवलेली असण्याची गरज राहिलेली नाही. दहा दिवसांत अशा पाच तक्रारी आल्या तर कारवाई सुरू होऊ शकते. पहिल्या वेळी त्या व्यापाऱ्याच्या सर्व जोडण्यांवरून बाहेर जाणारी सेवा पंधरा दिवस बंद, पुन्हा घडल्यास वर्षभर जोडण्याच खंडित. धनत्रयोदशीच्या आठवड्यात दुकानाचा फोन पंधरा दिवस मुका झाला तर काय होईल, याची कल्पना करावी. पाच तक्रारी जमायला पाच नाराज माणसे पुरतात.

व्हॉट्सअॅपला हे विनियम लागू नाहीत, आणि त्यामुळेच सारी गर्दी तिकडे वळली आहे. तिथे नियम कंपनीचे आहेत. ब्रॉडकास्ट यादीत २५६ क्रमांक बसतात आणि ज्याने दुकानाचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच संदेश पोहोचतो. ही दुसरी अट व्यापाऱ्यांना जाचक वाटते. आम्हाला ती ग्राहकाच्या संमतीची एक आपोआप होणारी खूणच वाटते. तिला वळसा घालण्यासाठी मग ग्रुप काढला जातो, दोन-तीनशे लोकांना न विचारता त्यात टाकले जाते आणि प्रत्येकाचा क्रमांक बाकीच्या सर्वांना दिसू लागतो. साडीच्या दुकानाच्या अशा ग्रुपमध्ये बहुतांश बायकांचे क्रमांक असतात, हे ध्यानात घेतले की यातला धोका वेगळा सांगायला नको. वैतागलेला ग्राहक तिथे ‘थांबवा’ लिहीत बसत नाही, तो दुकानाचा क्रमांक अडवून टाकतो. दुकानदाराला दिसते ते इतकेच की, संदेशापुढची एक करडी खूण कित्येक दिवस एकच राहिली आहे. ज्यांच्याकडे आधी दोन खुणा उमटत होत्या त्यांच्याकडे एकदम एकच उमटू लागली, तर फोन बंद असेल किंवा दार बंद झाले असेल. अशी दारे पुष्कळ बंद झाली आणि तक्रारीही गेल्या, तर कंपनी दुकानाचा क्रमांकच बंद करते.

थांबवण्याची सोय लिहिणे सोपे, पाळणे अवघड. लहान शहरात ग्राहक आणि दुकानदार एकमेकांना ओळखतात, कधी नात्यातही असतात. ‘तुमचे संदेश नकोत’ असे सांगणे म्हणजे संबंध तोडणे, असे ग्राहकाला वाटते. म्हणून वरच्या संदेशात एकच शब्द मागितला आहे, कारण मागितलेले नाही, आणि बिलाचे व कामाचे निरोप चालू राहतील हे आवर्जून सांगितले आहे. ‘थांबवा’ आल्यावर ‘का हो, काही चुकले का?’ असे उलट विचारण्याचा मोह दुकानदाराने आवरावा. ‘नोंद घेतली, धन्यवाद’ एवढे उत्तर पुरे.

आणि नोंद खरोखर घ्यावी. चूक होते ती इथे. गल्ल्यावरचा मुलगा ब्रॉडकास्ट यादीतून नाव काढतो, पण तेच नाव बिलाच्या संगणकात, धाकट्या भावाच्या फोनमध्ये आणि मागल्या वर्षीच्या एक्सेल फाइलमध्ये तसेच असते. पुढच्या दसऱ्याला कुणीतरी ती फाइल पुन्हा उघडतो आणि ‘थांबवा’ म्हणणाऱ्याला पुन्हा ‘सप्रेम नमस्कार’ जातो. यावर उपाय म्हणजे नावे पुसण्याऐवजी ‘नको’ म्हणणाऱ्यांची एक वेगळी यादी ठेवणे आणि प्रत्येक वेळी संदेश जाण्यापूर्वी पाठवण्याची यादी तिच्याशी ताडून पाहणे. नुसते पुसले तर कोणी नको म्हटले होते हेच विसरले जाते.

आता यादीच कुठून आली, हे पाहण्यासाठी सांगलीहून साताऱ्याकडे वळू. राजपथावर किंवा खणआळीत दिवाळीच्या खरेदीबरोबर कूपन मिळते. त्यावर नाव, पत्ता, मोबाइल लिहून चिठ्ठी पेटीत टाकायची, पहिले बक्षीस दुचाकी. दिवाळीनंतर पेटी उघडते आणि त्यातले क्रमांक वर्षभर संदेशांसाठी वापरले जातात. मेढ्याहून आलेल्या ग्राहकाने क्रमांक दिला तो बक्षीस लागल्यास कळावे म्हणून, जाहिरातींसाठी नव्हे. शिवाय विक्री वाढवण्यासाठी अशी सोडत काढणे, विहित अपवाद वगळता, २०१९च्या ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांमध्ये मोडते, आणि निकाल सहभागी ग्राहकांपासून दडवणेही. कूपनाची ही रीत इतकी रुळली आहे की, त्यात काही वावगे आहे असे कुणाला वाटतच नाही.

क्रमांक कशासाठी दिला, या मुद्द्यावर व्यक्तिगत डिजिटल माहिती संरक्षण कायदा, २०२३ फारच बोलका आहे. त्या कायद्यात उदाहरणे दिली आहेत आणि त्यातले एक औषधाच्या दुकानाचे आहे. ग्राहकाने पैसे दिल्याची पावती मोबाइलवर मिळावी म्हणून आपला क्रमांक दिला, तर दुकानदाराने तो पावती पाठवण्यासाठी वापरावा. जाहिरातीसाठी वेगळी संमती हवी, ती साध्या भाषेत मागितलेली हवी, आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचता आली पाहिजे, आणि संमती देणे जितके सोपे होते तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींसाठी त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. बिल करताना क्रमांकासाठी अडून बसू नका, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने तर मे २०२३ मध्येच किरकोळ विक्रेत्यांना बजावले होते.

व्यवहारात हे अवघड नाही. बिलाच्या पुस्तकात क्रमांकापुढे दोन चौकटी छापाव्यात, ‘बिल मोबाइलवर हवे’ आणि ‘सणाच्या सवलतीचे संदेश चालतील’. दुसरी चौकट ग्राहकाने स्वतः खूण करायची, आधी छापून ठेवायची नाही. ती रिकामी ठेवली म्हणून बिल अडवायचे नाही. तारीख बिलावर असतेच, त्यामुळे संमती कधी दिली याचा पुरावाही आपोआप राहतो.

राहता राहिला प्रश्न फोनमध्ये साठलेल्या जुन्या क्रमांकांचा. ज्यांनी पूर्वी रीतसर संमती दिली होती त्यांना, कायदा लागू झाल्यावर शक्य तितक्या लवकर, त्यांची माहिती कशासाठी वापरली जाते हे कळवावे लागेल. ज्यांचे क्रमांक कूपनातून, लग्नाच्या निमंत्रणाच्या यादीतून किंवा मेहुण्याच्या फोनमधून आले, त्यांच्याबाबत संमती नावाची गोष्टच नाही. त्यांना सणाच्या गर्दीत नव्हे, पितृपंधरवड्यासारख्या निवांत काळात, सवलतीचा एक शब्दही न घालता एकच निरोप जावा : ‘नमस्कार. आपला क्रमांक आमच्या दुकानाकडे नोंदलेला आहे. वर्षातून तीन-चार वेळा सणाच्या सवलतीची माहिती पाठवलेली चालेल का? चालत असल्यास ‘हो’ असे कळवावे. उत्तर न आल्यास आपला क्रमांक यादीतून काढून टाकू.’ आठवडाभर वाट पाहावी. ज्यांचे उत्तर आले नाही त्यांना दुसऱ्यांदा विचारू नये, आणि तेराव्या दिवशी ‘चुकून’ दसऱ्याचा संदेश जाऊ नये म्हणून ती नावे गल्ल्यावरच्या, घरातल्या आणि संगणकातल्या अशा तिन्ही याद्यांतून एकाच बैठकीत काढावीत.